पाच चेक, एक भाडेकरार आणि ‘स्टॉप पेमेंट’चा अर्ज

3 डिसेंबर 2024, मंगळवार. सकाळचे साडेदहा वाजले होते. तिशीतला एक तरुण बँकेच्या शाखेत माझ्या टेबलासमोर बसला आणि त्याने ‘स्टॉप पेमेंट’चा भरलेला अर्ज पुढे सरकवला. पुण्यातला फ्लॅट सोडून त्याला नागपूरला बदलीवर जायचं होतं. घरमालकाकडे पुढच्या तारखांचे पाच चेक पडून होते आणि ते थांबवायचे होते. “मॅडम, एवढं करून द्या, मग मी मोकळा,” तो म्हणाला. अर्ज वाचताच माझ्या लक्षात आलं की तो तसाच घेतला असता तर हा मुलगा मोकळा झाला नसता, उलट जास्तच अडकला असता.

नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बाजूला ठेवले आहेत. बाकी प्रकरण जसं घडलं तसं सांगते, कारण भाड्याचे किंवा हप्त्यांचे चेक थांबवायला येणाऱ्या दहांपैकी आठजण ज्या चुका करत, त्या सगळ्या या एका अर्जात होत्या.

करार असा होता. 1 जून 2024 पासून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, रीतसर नोंदवलेला. महिना 24,000 रुपये, डिपॉझिट 72,000. भाडं दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ द्यायचं, आणि त्यासाठी अकरा चेक सुरुवातीलाच घरमालकाच्या हाती दिलेले, प्रत्येकावर त्या त्या महिन्याची 5 तारीख. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, सहा महिन्यांचा. कलमाचे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यांच्यावर झालं: “सहा महिन्यांच्या लॉक-इननंतर कोणताही पक्ष एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपुष्टात आणू शकेल.” मुलाने 10 नोव्हेंबरला ईमेलने सूचना दिली होती आणि 10 डिसेंबरला तो चाव्या देणार होता. त्याच्या हिशेबाने डिसेंबरचे दहा दिवस भाडं लागू होतं, त्यापुढे काही नाही.

आता अर्ज. चेक नंबरच्या रकान्यात लिहिलं होतं 000418 ते 000422. मी संगणकावर खात्याचा उतारा काढला. जून ते नोव्हेंबर सहा चेक वटलेले दिसत होते आणि त्यांचे नंबर होते 000413 ते 000418. म्हणजे त्याने डिसेंबरचा समजून जो 418 लिहिला होता, तो नोव्हेंबरचा होता आणि त्याचे पैसे महिन्यापूर्वीच गेले होते. हे कसं झालं ते त्यालाही आधी कळेना. मग आठवलं: करार करताना पहिला चेक लिहिताना रक्कम चुकली, खाडाखोड झाली, म्हणून तो फाडून पुढचा वापरला होता. पण चेकबुकच्या शेवटच्या नोंदीच्या पानावर पहिला चेक 412 असंच लिहून ठेवलं होतं. तिथून मोजत आल्यामुळे सगळी मालिका एकाने मागे सरकली.

अर्ज तसाच घेतला असता तर 418 ला सिस्टीमने नकार दिला असता, कारण वटलेला चेक थांबवता येत नाही. 419 ते 422 थांबले असते. आणि 423, म्हणजे 5 एप्रिल 2025 चा चेक, उघडा राहिला असता. मुलगा तोवर नागपूरला रुळलेला असता आणि एप्रिलच्या एखाद्या सकाळी खात्यातून 24,000 रुपये गेल्याचा मेसेज आला असता. बँकेला दोष देऊन काही उपयोग नव्हता, कारण बँकेने सांगितलेलेच नंबर थांबवले असते.

इथे यंत्रणा कशी चालते ते सांगायला हवं. चेक थांबवणं म्हणजे बँकेच्या संगणकात तुमच्या खात्यासमोर त्या सहा आकडी चेक नंबरवर खूण करणं, याहून वेगळं काही नाही. चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत डावीकडून पहिले सहा आकडे असतात, तोच हा नंबर. चेक क्लिअरिंगला आला की सिस्टीम खाते आणि हा नंबर जुळवून पाहते. तारीख, रक्कम, नाव हे तुम्ही अर्जात लिहिता ते खातरजमेसाठी. खरी पकड नंबरची. एक आकडा चुकला तर चेक वटतो, मग अर्जात घरमालकाचं नाव कितीही ठळक लिहिलेलं असो. म्हणून माझा ग्राहकांना कायम एकच आग्रह असायचा: आठवणीवर जाऊ नका, चेकबुकच्या नोंदीवरही जाऊ नका, आधी उताऱ्यात कोणते नंबर वटलेत ते पाहा आणि करारात चेकची यादी असेल तर तिच्याशी ताडून घ्या. या मुलाच्या करारात ती यादी होती. परिशिष्टात अकरा नंबर छापलेले होते, 413 ते 423. त्याने करार उघडून पाहिलाच नव्हता.

दुसरी चूक कारणाच्या रकान्यात होती. तिथे त्याने ‘चेक हरवला’वर खूण केली होती. मी विचारलं, हरवला कुठे, घरमालकाकडेच आहेत ना? तो म्हणाला, मित्राने सांगितलं, हरवला लिहिलं की कोणी काही विचारत नाही. हे खरं आहे की बँक कारणाची शहानिशा करत नाही. खातेदाराने सही करून सांगितलं की थांबवणं हे बँकेचं काम, कारण बरोबर की चूक हे ठरवणं बँकेचं नाही. पण तो अर्ज बँकेच्या दप्तरात राहतो. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तो मागवला जातो. तिथे भाडेकरू सांगणार की मी घर सोडलं म्हणून चेक थांबवले, आणि त्याच्याच सहीचा कागद सांगणार की चेक हरवले होते. पहिल्याच टप्प्यावर त्याच्या बोलण्याला तडा गेला असता. नेट बँकिंगमध्येही कारणांची यादी समोर येते आणि लोक वरचा पहिला पर्याय दाबून मोकळे होतात. घाईत दाबलेला तो पर्याय पुढे तुमच्याविरुद्ध लेखी पुरावा होतो. मी त्याला नवा अर्ज दिला आणि त्यात त्याने खरं ते लिहिलं: भाडेकरार सूचना देऊन संपुष्टात, जागा 10 डिसेंबरला सोडत आहे.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. जानेवारी ते एप्रिल या चार चेकांबद्दल मला काही शंका नव्हती. घर सोडल्यावरच्या महिन्यांचं भाडं देणं लागत नाही, मग त्यासाठी दिलेल्या चेकमागे देणंच नाही. पण डिसेंबरचा चेक वेगळा होता. भाडं आगाऊ द्यायचं होतं, 5 तारखेला तो घरात राहत असणार होता, आणि किमान दहा दिवसांचं भाडं तो स्वतःच मान्य करत होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं: कायद्याचा सल्ला देणं माझं काम नाही, पण माझ्या मते हा एक चेक जाऊ दे, जादा गेलेले पैसे डिपॉझिटच्या हिशेबात मागून घे. तो तयार होईना. घरमालक डिपॉझिट परत देताना आधीच खळखळ करत होते, भिंतींच्या रंगावरून बोलणं सुरू झालं होतं, आणि आणखी चोवीस हजार त्यांच्या हाती द्यायचा त्याला धीर नव्हता. त्याची भीती मला कळत होती.

मग मी म्हणाले, निदान जेवढं तू स्वतः मान्य करतोस तेवढं आजच देऊन टाक, आणि घरमालकांना लेखी कळव. त्याने हिशेब केला. 24,000 भागिले 31, गुणिले 10. दहा दिवसांचे 7,742 रुपये. दुसऱ्या दिवशी, 4 डिसेंबरला, त्याने ते घरमालकांच्या खात्यात पाठवले आणि रिमार्कमध्ये `Rent 1 to 10 Dec 2024` असं लिहिलं. त्याच दिवशी ईमेल केला: हे दहा दिवसांचं भाडं, 419 ते 423 हे पाच चेक मी थांबवले आहेत, कृपया ते बँकेत भरू नका, 10 तारखेला चाव्या देताना परत द्या. या ओळीभर रिमार्कने पुढे काय काम केलं ते सांगतेच.

अर्ज मी अकरा वाजून वीस मिनिटांनी नोंदवला. पोचपावतीवर शिक्का मारला, तारखेसोबत वेळ लिहिली, आणि संगणकात खूण पडल्याचा नोंद क्रमांकही लिहून दिला. ग्राहक वेळ मागत नाहीत, पण ती मागायला हवी. सूचना बँकेच्या हाती पडली त्या क्षणापासून बँकेवर जबाबदारी येते. त्यानंतर चेक वटला तर चूक बँकेची आणि पैसे भरून देणं बँकेवर. त्याआधी वटला तर काही करता येत नाही. फोनवरून सांगितलेलं बँक फार तर तात्पुरतं टिपून घेते, लेखी सूचना किंवा नेट बँकिंगची नोंद लागतेच. त्या काळी आज भरलेला चेक साधारण दुसऱ्या दिवशी निकाली निघत असे, त्यामुळे एखादा दिवस हाताशी असायचा. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने पद्धत बदलली. आता दिवसातल्या ठरलेल्या वेळात चेक स्कॅन होऊन सलग पुढे जात राहतात, आणि चेक ज्या बँकेचा आहे तिने संध्याकाळी 7 पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. तोवर काहीच कळवलं नाही तर चेक मान्य झाला असं धरलं जातं. म्हणजे चेकवरच्या तारखेच्या दुपारी शाखेत धावत जाण्यात आता अर्थ राहिलेला नाही. सूचना आदल्या दिवसापर्यंत नोंदलेली हवी.

खर्चाचं म्हणाल तर थांबवण्याचं शुल्क बँकेगणिक वेगळं असतं, त्यावर 18 टक्के जीएसटी. सलग नंबरांच्या मालिकेला बहुतेक ठिकाणी एकत्रित शुल्क लागतं, म्हणून पाच वेगळे अर्ज भरू नयेत. खातं संयुक्त असेल तर कोणीही एक खातेदार चेक थांबवू शकतो, पण थांबवलेला चेक पुन्हा सुरू करायला सगळ्यांच्या सह्या लागतात. हा फरक नवरा-बायकोच्या खात्यांत फार उपयोगी पडताना मी पाहिला आहे.

निघताना मी त्याला आणखी एक सांगितलं. या खात्यातले पैसे हलवू नकोस. त्याला ते विचित्र वाटलं, चेक थांबवलेत तर शिल्लक कशाला? कारण असं. चेक थांबवला की तो शिल्लक नसल्यामुळे नव्हे तर तुमच्या सूचनेमुळे परत जातो, आणि कायदा याचा संशयाने विचार करतो. खात्यात दमडी नसताना नाचक्की टाळायला चेक थांबवणारे पुष्कळ असतात. म्हणून चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, 1881 चं कलम 138 चेक थांबवल्यामुळे परत गेलेल्या चेकलाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये मोदी सिमेंट्स प्रकरणात ठरवलं. 2001 च्या एमएमटीसी विरुद्ध मेडचल केमिकल्स या निकालात त्याची दुसरी बाजू आली: चेक देणाऱ्याने दाखवून दिलं की चेक आला त्या दिवशी खात्यात पुरेशी रक्कम होती आणि थांबवण्याला रास्त कारण होतं, म्हणजे त्या वेळी देणंच शिल्लक नव्हतं, तर गुन्हा होत नाही. पण हे दाखवण्याचा भार चेक देणाऱ्यावरच. त्यामुळे त्या दिवसाचा खात्याचा उतारा हा त्याचा पहिला साक्षीदार. काहीजण चेक थांबवण्याऐवजी खातंच बंद करतात. ते तर सर्वांत वाईट, त्याने कलम 138 टळत नाही आणि हेतू मात्र वाईट दिसतो.

पुढे जे व्हायचं तेच झालं. ईमेल मिळूनही घरमालकांनी 6 डिसेंबरला, शुक्रवारी, डिसेंबरचा 419 नंबरचा चेक आपल्या बँकेत भरला. तो 7 तारखेला परत गेला. रिटर्न मेमोवर कारण क्रमांक 20, ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर’. शिल्लक कमी असती तर क्रमांक 01 असता, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. थांबवण्याची खूण असली की सिस्टीम बहुधा तिथेच अडते आणि शिल्लक किती होती हे मेमोवर येतच नाही. म्हणूनच उतारा वेगळा जपावा लागतो. या मुलाच्या खात्यात त्या दिवशी 38,000 च्या वर रक्कम होती. मी त्याला 6 आणि 7 डिसेंबरचा उतारा बँकेच्या शिक्क्यासह काढून दिला.

10 तारखेला त्याने चाव्या दिल्या. घरमालकांनी चाव्या घेतल्या, पण चेकही दिले नाहीत आणि डिपॉझिटही. 23 डिसेंबरला नागपूरच्या पत्त्यावर वकिलाची नोटीस आली. चेक परत गेल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत अशी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम भरली तर प्रकरण तिथेच थांबतं. भरली नाही तर सोळाव्या दिवसापासून एका महिन्यात तक्रार दाखल करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे या मुलाला 7 जानेवारीपर्यंत ठरवायचं होतं. त्याने मला घाबऱ्या आवाजात फोन केला. मी म्हणाले, आता वकिलाकडे जा, आजच जा, आणि नोटिशीला उत्तर दिल्याशिवाय राहू नकोस. उत्तर न देणं हा कोर्टात जवळजवळ कबुलीसारखा दिसतो.

नोटिशीत मागणी पूर्ण 24,000 ची होती. घरमालकांचं म्हणणं कराराच्या त्या वाक्यावर उभं होतं. ‘लॉक-इननंतर’ हा शब्द कशाला लागतो? मुलाने वाचलं: लॉक-इन संपल्यावर करार संपवता येतो, सूचना आधीही देता येते. घरमालकांनी वाचलं: सूचनाच लॉक-इन संपल्यावर द्यायची. म्हणजे सूचना 1 डिसेंबरपासून धरायची आणि भाडं 31 डिसेंबरपर्यंत लागू. खरं सांगायचं तर दोन्ही अर्थ त्या वाक्यातून निघतात. भाडं आगाऊ देण्याचं कलमही घरमालकांच्या बाजूने होतं. त्याच्या वकिलांनीही त्याला सांगितलं की ही बाजू भक्कम समजू नकोस. करार करताना या एका वाक्यात ‘सूचना लॉक-इनच्या काळातही देता येईल’ असे शब्द घातले असते तर वाद उभाच राहिला नसता.

पण वकिलांना दुसरी गोष्ट सापडली, आणि ती होती 4 डिसेंबरचे ते 7,742 रुपये. 2022 मध्ये दशरथभाई पटेल विरुद्ध हितेश पटेल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत भरण्याआधी काही रक्कम परत मिळाली असेल, तर ती चेकवर त्याच कायद्याच्या कलम 56 प्रमाणे नोंदवून उरलेल्या रकमेसाठीच चेक भरायला हवा. नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक भरला आणि तो परत गेला, तर त्या दिवशीचं देणं चेकवरच्या रकमेइतकं नसल्याने कलम 138 लागत नाही. घरमालकांचा अर्थ शंभर टक्के बरोबर धरला तरी 6 डिसेंबरला देणं राहत होतं 24,000 वजा 7,742, म्हणजे 16,258. चेक मात्र पूर्ण 24,000 चा भरला होता आणि नोटिशीतही तीच मागणी होती. रिमार्कमधली तारीख आणि महिना नसता तर घरमालक म्हणू शकले असते की ते पैसे विजेचे होते, दुरुस्तीचे होते, मागच्या बाकीचे होते. त्या रिमार्कने ती वाट बंद केली.

उत्तरात वकिलांनी चार गोष्टी जोडल्या: करार, 10 नोव्हेंबरचा ईमेल, 4 तारखेची रक्कम आणि ईमेल, आणि 6-7 डिसेंबरचा उतारा. सोबत स्टॉप पेमेंटच्या अर्जाची शिक्का असलेली प्रत, ज्यावर खरं कारण लिहिलेलं होतं. ‘हरवला’ लिहिलं असतं तर हीच प्रत लपवावी लागली असती.

इथे हप्त्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण भाड्याचं हे प्रकरण वाचून कर्जाचे चेक थांबवायला कोणी निघालं तर घात होईल. भाडं दर महिन्याला वापर होईल तसं देणं होतं; घर सोडलं की पुढचं देणं उभंच राहत नाही. कर्जात उलट आहे. पैसे हातात पडले त्या दिवशीच देणं उभं राहतं, हप्ते ही फक्त ते फेडण्याची सोय. 2016 मध्ये सम्पेल्ली सत्यनारायण राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक धरला: कर्ज वितरित झाल्यावर हप्त्यांसाठी दिलेले पुढच्या तारखांचे चेक हे देण्यापोटीच आहेत, करारात त्यांना ‘सुरक्षा’ म्हटलं तरी. असा चेक थांबवला तर शिल्लक कितीही असली तरी रास्त कारण दाखवणं फार कठीण. कर्ज पूर्ण फेडून ना-हरकत दाखला हातात असेल आणि संस्थेने चेक परत केले नसतील, तेव्हाच हे चेक थांबवावेत. आणि आजकाल बहुतेक हप्ते चेकने नव्हे तर नॅचच्या मँडेटने, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेल्या परवानगीने जातात. चेक थांबवला म्हणून मँडेट थांबत नाही. ते वेगळं रद्द करावं लागतं, आणि देणं बाकी असताना मँडेटचा हप्ता शिल्लक नसल्याने चुकला तर त्यासाठी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स अ‍ॅक्ट, 2007 चं कलम 25 कलम 138 सारखंच कडक आहे.

परत प्रकरणाकडे. उत्तर मिळाल्यावर घरमालकांच्या वकिलांचा सूर बदलला. आधीच्या नोटिशीत 24,000 भरा नाहीतर फौजदारी असं होतं, आता फोनवर डिपॉझिटच्या हिशेबाचं बोलणं सुरू झालं. मुलाच्या वकिलांनीही ताणलं नाही, कारण कराराचं वाक्य दोन्हीकडे झुकत होतं आणि फौजदारी सुटली तरी दिवाणी दाव्यात 16,258 मागता आलेच असते. चेक थांबवल्याने देणं संपत नाही, फक्त तो चेक वटत नाही. जे खरंच देणं आहे ते घरमालक वेगळ्या वाटेने मागू शकतोच.

जानेवारीच्या मध्यात तोडगा निघाला. उरलेल्या 21 दिवसांपोटी 8,000 आणि शेवटचं वीजबिल 1,420 कापून घरमालकांनी 72,000 पैकी 62,580 रुपये त्याच्या खात्यात परत पाठवले. रंगाचा विषय त्यांनी सोडून दिला. नोटीस मागे घेतल्याचं आणि कोणाचं कोणाकडे काही बाकी नसल्याचं पत्र दोघांच्या सह्यांनी झालं, आणि त्या पत्रात पाचही चेकांचे नंबर लिहिले गेले. नंबर लिहायचा आग्रह मीच फोनवर धरला होता. नुसतं ‘सर्व चेक परत’ असं लिहून भागत नाही, कारण ‘सर्व’ म्हणजे किती हे नंतर कोणाला सांगता येत नाही. चेक तारखेपासून तीन महिने जिवंत असतो, त्यामुळे 5 एप्रिलचा चेक हाती राहिला असता तर तो जुलैच्या सुरुवातीपर्यंत भरता आला असता. थांबवण्याची खूण असली तरी आणखी एक रिटर्न मेमो, आणखी एक नोटीस, इतका त्रास त्यातून निघू शकला असता.

चेक कुरिअरने आले. त्याने मला त्यांचा फोटो पाठवला. पाचही टेबलावर एका ओळीत मांडलेले, 419 ला मेमो टाचलेला, आणि शेवटच्या 423 वर त्याने बोट ठेवलं होतं.